पट्टीचा कापलेला तुकडा (छोटी गोष्ट) – औषधाचा भाग तपासून हवा आहे

ओसरी

दिवाळी अंकासाठी गोष्ट लिहिली आहे, पहिला खर्डा खाली देते. घर मिरजेतलं. आजी 74 वर्षांची, मधुमेह आहे, वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. नात सई दहावीत. भाषेबद्दल सांगितलंत तर हवंच आहे, पण मुख्य प्रश्न वेगळा आहे. गोळी, वेळ आणि बोलण्यातला बदल यांचा मेळ बसतो का? कुठे खोटं वाटत असेल तर स्पष्ट सांगा.

---

आजीच्या पायांची आग रात्री नऊनंतर वाढायची. जेवण झालं की पायाची कॅप्सूल घेऊन ती पलंगावर बसायची आणि दोन्ही तळवे शहाबादी फरशीवर टेकवायची. फरशी गरम झाली की पाय वीतभर पुढे. असं करत समोरच्या भिंतीपर्यंत पोचेस्तोवर दोन वाजायचे.

"कमल कशी झोपते बघ," ती सईला म्हणाली. "भिंतीपलीकडनं घोरणं ऐकू येतंय."

दुसऱ्या दिवशी कमलवहिनींनी जिन्यातच पट्टीतली एक गोळी कात्रीने कापून आजीच्या हातात ठेवली. "मावशी, सहा वर्षं घेतीय मी. काही होत नाही." आजीने ती कमरेच्या पिशवीत टाकली. सून माहेरी कोल्हापूरला, मुलगा मालाची गाडी घेऊन हुबळीला. विचारायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी तिने विचारलं नसतं.

रात्री दहाला गोळी घेतली. त्या रात्री फरशीवर पाय टेकले नाहीत.

सकाळी सई शाळेला निघाली तेव्हा आजी झोपलेली होती. एक वाजता परत आली तर आजी स्वयंपाकघरात पाटावर बसलेली, गॅस बंद, ओट्यावर काही नाही.

"आलीस? कपाट घे. गरम आहे."

"काय घेऊ?"

"कपाट. ते... चावीतलं."

सई हसली आणि मग थांबली. आजी शब्द चुकवणारी नव्हती. तिला महिन्याच्या तिथ्या पंचांग न उघडता सांगता यायच्या. आता तिचं बोलणं जड येत होतं, एका शब्दाला दुसरा चिकटून.

उशीखाली चौकोनी रुपेरी तुकडा सापडला. त्यावर नावाचा शेवटच शिल्लक होता: पिडेम 10. सई तो घेऊन शेजारी धावली. कमलवहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी दार लोटून घेतलं, घट्ट काळी कॉफी केली आणि आजीला बसवून चमच्याचमच्याने पाजली. "उतरेल. कुणाला सांगू नको."

पाचला मुलगा आला आणि आजीला दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन झालं. "स्कॅन नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे सगळा गोळीचाच परिणाम. उद्यापर्यंत बऱ्या होतील."

त्या रात्री आजी घरी येऊन गाढ झोपली. सई जागी होती. भिंतीपलीकडून घोरणं ऐकू येत नव्हतं.

---

औषधवाला_सांगली

ओसरीताई, गोष्ट आवडली. गोळी मात्र बदलावी लागेल.

'पिडेम 10' म्हणजे झोल्पिडेम. ही लवकर चढते आणि लवकर उतरते. तिची शरीरातली मात्रा साधारण अडीच तासांत निम्मी होते. वयस्कर माणसात वेळ लागतो, म्हणून तीन तास धरू. रात्री दहा ते दुपारी एक म्हणजे पंधरा तास. पंधरा तासांत ती पाच वेळा निम्मी होईल, म्हणजे शंभरातले जेमतेम तीन भाग उरतील. तेवढ्याने दुपारी एकला जीभ जड होणार नाही. झोल्पिडेमचा धोका असतो तो रात्री दोनला. माणूस अर्धवट जागा होऊन मोरीकडे जातो, तोल जाऊन पडतो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. ती वेगळी गोष्ट होईल.

तुमची गोष्ट दिवसाची आहे. तिला रेंगाळणारी गोळी हवी. नायट्राझेपाम 10 मिलिग्रॅम घ्या. सहा-सहा वर्षं एकच गोळी घेणाऱ्यांच्या घरात ही सापडते. तरुण माणसात ती निम्मी व्हायला दिवसभर किंवा थोडं जास्त लागतं, म्हाताऱ्यात चाळीस तासांपर्यंत जाऊ शकते.

आणि एक गोळी देऊ नका, चार द्या. आजी रोज रात्री दहाला एक घेईल. चाळीस तासांचा हिशोब धरला तर पहिल्या सकाळी नऊला तिच्या अंगात 0.83 गोळी आहे. दुसऱ्या सकाळी पहिलीची 0.55 आणि दुसरीची 0.83, म्हणजे 1.38. तिसऱ्या सकाळी 1.74. गोळी रोज एकच, पण तिसऱ्या सकाळी ती जवळजवळ पावणेदोन गोळ्या अंगात घेऊन उठते. पहिल्या दिवशी "छान झोप लागली", दुसऱ्या दिवशी "जरा जड वाटतंय, हवा कुंद आहे", तिसऱ्या दिवशी जीभ. सईला तीन दिवसांचा उतार पाहता येईल आणि तुमच्या कथेला पायऱ्या मिळतील.

कमलवहिनींना मात्र काहीच कसं होत नाही? सहा वर्षांत त्यांचा मेंदू सरावला आहे. त्यांच्या "काही होत नाही" मध्ये लबाडी नाही, त्या त्यांच्यापुरतं खरंच बोलतायत. वयस्कर माणसाला नव्याने द्यायचीच वेळ आली तर डॉक्टर अडीच किंवा पाचपासून सुरुवात करतात. आजीला पहिल्याच रात्री दहाची मिळाली.

आता एक विचारतो. पायाची कॅप्सूल कसली? तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला तिथेच गोष्टीची कळ दिसते.

ओसरी

मनापासून आभार. कॅप्सूल मधुमेहात पायांच्या आगीसाठी देतात तीच डोक्यात होती. नाव ठरवलं नव्हतं.

औषधवाला_सांगली

मग ती बहुतेक प्रीगाबालिन 75 आणि मिथाइलकोबालामिन एकत्र असलेली असणार. मधुमेहाच्या घरात ती कपाटात असतेच, आणि लोक तिला 'नसांच्या ताकदीची' म्हणतात. ताकदीचा भाग दुसऱ्या घटकाचा. प्रीगाबालिन स्वतःच गुंगी आणतं, तोल घालवतं. आजीला त्याची सवय झालेली असेल, पण झोपेच्या गोळीबरोबर दोघांची गुंगी एकमेकीवर चढते. शिवाय प्रीगाबालिन बाहेर पडतं ते मूत्रपिंडातून. 74 वर्षांची मधुमेही बाई म्हणजे मूत्रपिंड मंद असण्याची शक्यता बरीच. त्यामुळे तेही रेंगाळतं. दुकानात कुणी विचारलं असतं, "सोबत काय चालू आहे?", तर हे तिथेच लक्षात आलं असतं. जिन्यात ते विचारलं जात नाही.

पट्टीबद्दल. आम्ही सुटी गोळी कापून देताना नाव आणि मुदत छापलेलं टोक शेवटपर्यंत राखतो. घरात माणसं कुठूनही कापतात. एका गोळीच्या चौकोनावर पूर्ण नाव मिळेलच असं नाही आणि मुदत तर नाहीच. तेव्हा सई तुकडा घेऊन धावते हे पटतं. पण तिने परत येताना कमलवहिनींची उरलेली पट्टी आणायला हवी. त्या पट्टीवर लाल चौकटीतला इशारा असेल. नायट्राझेपाम एच-1 यादीत आहे. ती यादी 2014 च्या मार्चपासून लागू झाली. दुकानदाराला रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि दिलेली संख्या वहीत लिहावी लागते आणि वही तीन वर्षं ठेवावी लागते.

म्हणजे कमलवहिनींच्या गोळ्या मोजलेल्या आहेत. चार दिल्या तर महिनाअखेरीला चार रात्री त्यांच्याकडे गोळी नाही, आणि सहा वर्षांच्या सवयीनंतर त्या चार रात्री साध्या नसतात. झोप तर येत नाहीच, शिवाय घाम, हातांना कंप, जिवाची घालमेल. एक गोळी दिल्याने घोरणं थांबलं हे मला पटलं नाही. चार दिल्यावर, गोष्ट पंचवीस-सव्वीस तारखेला घडत असेल तर, नक्की पटेल.

केतकीवन

मला वाटतं शेवट जास्त नाट्यमय करता येईल. या गोळ्यांवर उतारा असतो, फ्लुमाझेनिल नावाचं इंजेक्शन. शिरेतून दिलं की दोन मिनिटांत माणूस डोळे उघडून बोलायला लागतो. डॉक्टर इंजेक्शन देतात, आजी स्पष्ट बोलते, सईला रडू फुटतं. निदानही तिथेच पक्कं होतं.

रात्रपाळी

केतकीवन, इंजेक्शन खरं आहे आणि काम करतं तेही खरं. पण तातडीच्या विभागात अशा आजींना ते सरसकट देत नाहीत. त्याचा असर तासाभरात ओसरतो आणि नायट्राझेपाम तर दोन दिवस अंगात बसलेलं असतं, म्हणजे आजी पुन्हा गुंगीत जाणार. दुसरं, रुग्णाने आणखी काय घेतलंय हे ठाऊक नसतं. आणि जो माणूस वर्षानुवर्षं ही गोळी घेतो त्याला हे दिलं तर झटके येऊ शकतात. आजीबद्दल आपल्याला माहीत आहे की तिने तीनच घेतल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरला ते माहीत नसतं. फक्त गोळीची गुंगी असेल तर श्वासावर, ऑक्सिजनवर लक्ष ठेवून उतरू देणं हाच उपचार.

ओसरी, माझा आक्षेप मोठा आहे आणि तो दुपारी एक ते पाच या चार तासांवर आहे.

74 वर्षांच्या मधुमेही बाईचं बोलणं अचानक बदललं तर घरातल्या कुणीही "गोळीमुळे असेल" असं ठरवायचं नाही. लकवा नाही हे ठरेपर्यंत तो लकवाच धरायचा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी पोचणं, तपासणं, स्कॅन करणं यात तासभर सहज जातो. तुमच्या गोष्टीत ही मुदत कॉफी पाजण्यात गेली. गोळीचा पुरावा सापडला म्हणून लकवा नाही असं होत नाही. गोळी घेतलेल्या माणसालाही लकवा येतो, आणि रुपेरी तुकडा नेमका इथेच घात करतो, कारण सगळ्यांना उत्तर मिळाल्यासारखं वाटतं.

सईने काय करावं ते क्रमाने सांगतो. आजीला हसायला सांगायचं, ओठांची एक बाजू खाली राहते का बघायचं. दोन्ही हात समोर उचलून डोळे मिटायला सांगायचं, एक हात खाली सरकतो का बघायचं. यात काही दिसलं नाही तरी बोलणं बदललेलं आहे एवढं पुरे आहे, 108 ला फोन. फोनवर "आजीला बरं नाही" असं न म्हणता "बोलणं अचानक जड झालंय, वय 74, मधुमेह आहे" असं म्हणायचं. घरात साखर मोजायचं यंत्र असेल तर गाडी येईपर्यंत बोट टोचून आकडा बघायचा. मधुमेहाच्या गोळ्या घेणारी बाई सकाळी उठली नाही, काही खाल्लं नाही, तर साखर उतरूनही अगदी असंच बोलते. तुमच्या गोष्टीत ही शक्यता कुणाच्या मनात आलीच नाही. दवाखान्यात पहिली तपासणी तीच होते.

आणि तोंडात काही घालायचं नाही. कॉफी नाही, पाणी नाही, लिंबू नाही. जी जीभ शब्द नीट उचलत नाही ती घोटही नीट उचलत नाही, आणि घोट श्वासनळीत जातो. दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो तो त्यातून. कॉफीने नायट्राझेपाम उतरतही नाही. रक्त पातळ करायची गोळी घरातून देणारेही असतात, तीही नको. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव आहे हे स्कॅनशिवाय कळत नाही. आजी पेंगत असेल तर कुशीवर झोपवायचं आणि श्वास मोजत बसायचं.

आता स्कॅन. "सीटी नॉर्मल म्हणजे गोळीच" हे वाक्य काढा. सीटी रक्तस्राव लगेच दाखवतं. गुठळीचा लकवा पहिल्या काही तासांत सीटीवर दिसत नाही असं बऱ्याचदा होतं. खात्री हवी असेल तर एमआरआय. तुमचे डॉक्टर एवढंच म्हणू शकतात की रक्तस्राव नाही, साखर ठीक आहे, दोन्ही बाजू सारख्या आहेत, चालताना दोन्हीकडे तोल जातो, डोळे बाजूला वळवले की थरथरतात, आणि हे सगळं गोळीशी जुळतं. मग ते आजीला ठेवून घेतील. त्याच रात्री घरी पाठवणार नाहीत.

ओसरी

डॉक्टर, लघवीच्या किंवा रक्ताच्या तपासणीत गोळीचं नाव येत नाही का? मग शंका उरणारच नाही.

रात्रपाळी

मालिकांमध्ये येतं तसं येत नाही. लघवीची झटपट तपासणी या कुळातली काही औषधं पकडते, काही सुटतात. झोल्पिडेम तर त्या कुळातलं नसल्यामुळे तिथे दिसतच नाही. नकारात्मक आली म्हणून घेतली नाही असं होत नाही, आणि सकारात्मक आली तरी लकवा नाही असं होत नाही. सईने आणलेली पट्टी या तपासणीपेक्षा जास्त सांगते. किती दिल्या, किती उरल्या, केव्हापासून.

त्याहून मोलाची माहिती सईच्या डोक्यात आहे. आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "शेवटचं नीट बोलताना केव्हा ऐकलंत?" झोपेतून उठल्यावर लक्षण दिसलं तर घड्याळ उठल्यापासून सुरू होत नाही, शेवटच्या नीट क्षणापासून होतं. रात्री दहाला आजी स्वच्छ बोलली आणि त्यानंतर कुणी ऐकलं नसेल तर आमच्या हिशोबाने पंधरा तास गेले. पण सकाळी अकराला आजीने फोनवर कुणाशी धड बोललेलं असेल तर दुपारी एकला फक्त दोनच तास झालेत आणि उपचाराचं दार उघडं आहे. कोल्हापूरच्या सुनेचा अकराचा फोन गोष्टीत आणा. सई तिला फोन करून एकच प्रश्न विचारेल.

सुलभा_चिंचवड

वाचून घाबरले. माझ्या सासूबाई चार वर्षं अल्प्राझोलाम 0.5 घेतायत, डॉक्टरांनीच दिलीय. त्यांचंही बोलणं संध्याकाळी जरा जड वाटतं. आजपासून बंद करते.

औषधवाला_सांगली

सुलभाताई, एकदम बंद करू नका. चार वर्षांनी अचानक थांबवली तर झोप उडण्यापासून झटके येण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. ती आठवड्याआठवड्याने थोडी थोडी उतरवायची असते आणि ते वेळापत्रक ज्यांनी दिली त्यांनीच आखायचं. हा धागा एका गोष्टीतल्या आजींचा आहे, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, याच आठवड्यात. चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत घालून न्या.

रात्रपाळी

सुलभाताई, आणि "संध्याकाळी जरा जड" हे कधीपासून? रोजचं, हळूहळू वाढलेलं असेल तर औषधवाले म्हणतात तसं करा. आज किंवा काल अचानक सुरू झालेलं असेल तर इथे उत्तराची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या.

सुलभा_चिंचवड

दोन-तीन महिन्यांपासूनचं आहे. उद्याची वेळ घेतली. धन्यवाद.

वाचा_उपचार

मी संवादाबद्दल बोलते. 'कपाट घे', 'चावीतलं' हे वाचायला छान आहे, पण त्या गोळीने बोलणं असं बिघडत नाही.

जीभ जड होणं आणि शब्द चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुंगीत माणसाला शब्द बरोबर सापडतो, वाक्य बरोबर असतं, फक्त ते उच्चारणारे स्नायू आळसावलेले असतात. कपाऐवजी कपाट, बशीऐवजी चावी, म्हणजे भलताच शब्द येणं, हे मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जोडलेलं आहे. तुमचे हे दोन संवाद कुणी मला ऐकवले असते तर मी गोळीचा विचार मागे ठेवला असता आणि मेंदूच्या डाव्या बाजूचा आधी केला असता. म्हातारी माणसं गुंगीत भ्रमिष्टासारखं असंबद्ध बोलू शकतात, ते खरं. पण ते असं एकेका वस्तूचं नाव चुकवण्यासारखं नसतं, सगळं बोलणंच भरकटतं.

मग मराठीत जड जीभ कशी ऐकू येते? ट, ठ, ड, ढ, ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकावं लागतं. र ला टोक चटकन थडकावं लागतं. ही कष्टाची अक्षरं आधी जातात. 'ठेव' चं 'थेव' च्या जवळ जातं, ळ आणि ल मधला फरक पुसतो, र ऐकूच येत नाही. दोन शब्दांमधली मोकळी जागा नाहीशी होते, स्वर लांबतात आणि वाक्याच्या शेवटी आवाज बुडतो. आजीच्या तोंडी "पळी ताटाखाली ठेवलीय" असं एक वाक्य द्या. त्यात ळ, ट, ठ ही अडचणीची अक्षरं आहेत.

तुम्ही तिथ्यांचं लिहिलंय, त्याचा वापर करा. सई म्हणेल, "आजी, महिने म्हण बघू, चैत्रापासून." पाठ असलेली यादी भाषेचा भाग दुखावलेला असतानाही बऱ्याच जणांना म्हणता येते, आणि तोच माणूस समोरच्या कपाला कप म्हणू शकत नाही. गोळीच्या गुंगीत उलट होतं. कपाला ती कपच म्हणेल, महिनेही ओळीने येतील, पण ज्येष्ठ आणि आषाढ दोन्ही चुरगळलेले.

एक साधी गोष्ट राहिली. आजीला कवळी आहे का? रात्री वाटीत काढून ठेवलेली कवळी सकाळी घातली नसेल तरी बोलणं पातळ आणि फुसफुसतं येतं. सईने आधी वाटीत डोकावून पाहिलं तर वाचकालाही क्षणभर वाटेल की एवढंच असेल. वाटी रिकामी असायला हवी.

रात्रपाळी

ताईंच्या मुद्द्याला एक जोड. शब्द चुकले तर गोळीवरून लक्ष हटवा हे बरोबर, पण शब्द बरोबर आणि फक्त उच्चार जड म्हणजे लकवा नाही असा उलटा निष्कर्ष काढू नका. खोलवरच्या लहानशा रक्तवाहिनीच्या लकव्यात कधीकधी फक्त उच्चारच जड होतो आणि मधुमेह-रक्तदाबाच्या माणसांत तो नेहमी दिसतो. महिन्यांची परीक्षा गोष्टीत ठेवा, पण तिच्या निकालावरून सईने फोन करायचं टाळलं असं दाखवू नका. फोन झाला, गाडी येते आहे, त्या वेळात ती महिने म्हणायला लावते, असा क्रम ठेवा.

कट्टेकरी

जाणकारांचा मान राखून सांगतो, या सगळ्या दुरुस्त्या केल्या तर आरोग्यखात्याचं पत्रक होईल. मूळ गोष्टीत कमलवहिनी दार लोटून कॉफी करतात, तो प्रसंग सगळ्यात खरा आहे. माणसं भीतीपोटी असंच वागतात. तो काढू नका.

वाचा_उपचार

मला तो प्रसंग राहावा असंच वाटतं. माझं म्हणणं एवढंच की कॉफीचा परिणाम दिसावा. दुसऱ्या चमच्याला आजीला ठसका लागतो, ओलसर, घशात काहीतरी अडकल्यासारखा, आणि त्यानंतर आवाज घोगरा राहतो. सई तो घोगरेपणा ऐकते आणि चमचा धरते. प्रसंगही राहिला आणि खोटंही काही झालं नाही.

रात्रपाळी

मला अजून पटत नाही. वाचकाच्या लक्षात कॉफी राहते, ठसका राहत नाही. पण गोष्ट तुमची आहे.

ओसरी

चर्चेवरून मधला भाग नव्याने लिहिला आहे. गोळ्या चार केल्या, नायट्राझेपाम, तारीख सव्वीस.

---

तिसऱ्या सकाळी अकराला आई फोनवर आजीशी बोलली होती. सई एकला आली तेव्हा आजी पाटावर पेंगत होती.

"पयी ताताखायी थेवीय," आजी म्हणाली.

सईने आधी वाटी पाहिली. रिकामी होती, कवळी तोंडात होती.

"आजी, हस बघू." आजी हसली, दोन्हीकडून सारखी, उशिरा. सईने 108 लावला, मग आईला. "अकराला आजी नीट बोलत होती?"

"होय गं. झोप अजून उतरली नाही म्हणत होती. का?"

भिंतीपलीकडे कमलवहिनींनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं. त्या दारात आल्या तेव्हा एका हातात कॉफीचा पेला होता आणि दुसऱ्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं.

---

वाचा_उपचार

सगळं वाक्य असं मोडू नका. वाचकाला ते लहान मुलाच्या बोबड्या बोलासारखं ऐकू येतं आणि आजी हास्यास्पद होते. एकच शब्द मोडा, 'थेवीय', बाकीचं सरळ लिहा आणि सईला दोनदा "काय?" विचारू द्या. बोबडं मूल चटपट बोलतं, आजी संथ बोलते. तो संथपणा अक्षरांतून येणार नाही, वाक्याच्या मध्ये थांबून आणावा लागेल.

औषधवाला_सांगली

तारीख छान बसली. फक्त मुठीतली पट्टी सई मागून घेते की वहिनी आपणहून देतात ते ठरवा. आपणहून दिली तर डॉक्टरांना चौथी गोळी अजून आजीच्या पिशवीत आहे हेही त्यांनी सांगायला हवं. नाहीतर दवाखान्यातून घरी आल्यावर रात्री दहाला आजी ती घेणारच.

रात्रपाळी

अकराला "झोप उतरली नाही" म्हणाली तो आवाज जड होता की नुसता आळसावलेला, हे आईला खात्रीने सांगता येणार नाही. खऱ्या दवाखान्यात इथेच अडतं. आजीला पूर्वी लकव्याचा हलका झटका येऊन गेलाय का, हेही ठरवून ठेवा. जुना, भरून निघालेला लकवा अशा गोळीच्या गुंगीत काही तास पुन्हा डोकं वर काढतो, त्याच बाजूला, आणि गुंगी उतरली की जातो. तसं असेल तर हसू दोन्हीकडून सारखं येणार नाही आणि डॉक्टरांची पंचाईत दुप्पट होईल.

ओसरी

झटक्याचा विचार केला नव्हता. चौथी गोळी मात्र आजीच्या कमरेच्या पिशवीत ठेवतेय आणि ती सईला दवाखान्यात आजीचं लुगडं बदलताना सापडते. पुढचा भाग रविवारपर्यंत टाकते. कॉफीचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये.